सहा महिन्यांचं आगाऊ भाडं

एजंटबरोबर आमची वरची खोली बघायला आलेली नर्स गावात नवीन होती. आधी कधी भाड्याने राहिलेली नाही, जामीन राहील असं ओळखीचं कोणी नाही आणि मोठं डिपॉझिट अडकवून ठेवायची तयारी नाही. त्याऐवजी ती सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देणार होती.

"एवढं एकदम कोण देतं? नक्की काहीतरी काळंबेरं आहे," मी नवऱ्याच्या कानात पुटपुटले आणि तिची उलटतपासणी सुरू केली. कमाई किती? मध्येच पळून गेलीस तर? तिने शांतपणे नेमणुकीचं पत्र दाखवलं.

"बरं, दे पैसे," मी उपकार केल्यासारखं म्हणाले.

"देते की, काकू. पण दोन महिन्यांनी तुम्हीच खोली खाली करायला लावलीत, तर उरलेलं भाडं परत मिळेल, याला जामीन कोण?"

"अगं, मी घरमालकीण आहे!"

"हो, पण मला तुम्हीही नवीनच."

नवऱ्याला नेमका तेव्हाच खोकला आला. एजंटने परताव्याचं कलम करारात लगेच घातलं, तरी पोरगी जामिनावर अडूनच बसली. शेवटी नाक मुठीत धरून मी शेजारच्या जाऊबाईंना बोलावलं. आमचं महिनाभर बोलणं बंद होतं.

जाऊबाई ऐसपैस बसल्या, चष्मा लावला, करार सावकाश वाचला. मग पेन बाजूला ठेवून मला म्हणाल्या, "काय गं, तुझी कमाई किती?"