तीन वेळा लिहिलेली नोटीस

दुसऱ्या शहरातल्या इस्पितळातून नेमणुकीचं पत्र आलं त्याच संध्याकाळी तिनं घरमालकांना पत्र लिहिलं. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे खांदे-गुडघे हलवायचे, लिहिण्याची सवय नव्हती. तरी मुद्द्याचं सगळं होतं: करारानुसार एक महिन्याची लेखी नोटीस देत आहे, पुढच्या तीस तारखेला खोल्या रिकाम्या करीन, तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत त्यानंतर पंधरा दिवसांत खाली दिलेल्या खात्यात जमा करावी.

घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. निवृत्त भाषाशिक्षक. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून तीही म्हणायची. त्यांनी पत्र वाचलं, आत गेले आणि लाल पेन घेऊन आले.

"'रिकाम्या करीन' काय? 'रिक्त करून ताबा देईन' असं हवं. आणि विषय कुठंय? नीट लिहून आणा."

तिला हसू आलं. म्हातारा माणूस, सवय जात नाही, असं मनाशी म्हणत तिनं ते लाल झालेलं पत्र परत नेलं. पण इस्पितळात सुट्टीवरच्या सहकाऱ्याचेही रुग्ण तिच्याच गळ्यात पडलेले. दुसरं पत्र द्यायला सहा तारीख उजाडली. सरांनी त्यात कराराची तारीख नाही म्हणून तेही परत केलं. अकरा तारखेला तिसरं दिलं. या वेळी सरांनी घडी घालून खिशात ठेवलं. तिला वाटलं, सुटले एकदाची.

तीस तारखेला सामानाचा टेम्पो दारात उभा होता. सर वर आले. नळ फिरवून पाहिले, विजेच्या मीटरचा आकडा टिपून घेतला, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवरची ओल बोटानं दाबली. तिनं किल्ल्या पुढे केल्या.

"किल्ल्या आत्ता कशाला? नोटीस अकरा तारखेची. महिना पुढच्या अकराला भरतो. तोवर भाडं चालू. अनामतीचे पंधरा दिवस त्यानंतर."

"सर, पहिलं पत्र मी मागच्या तीस तारखेलाच दिलं होतं!"

"ते पत्र मी स्वीकारलं नव्हतं."

तिच्या डोक्यात सणक गेली. उद्या सकाळी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. तिथं नवी खोली ठरली होती, पण इथली अनामत मिळून तिथली भरल्याशिवाय किल्ली मिळणार नव्हती. हातातल्या पिशवीतून तिनं कागदांची फाईल काढली आणि ते पहिलं पत्र उलगडलं. आजवर तिनं फक्त मजकुरावरच्या लाल रेघा पाहिल्या होत्या. तळाला बारीक अक्षरात होतं: 'वाचले. दुरुस्तीसह पुन्हा द्यावे.' खाली सही आणि तारीख. तीस.

"हे अक्षर कोणाचं, सर?"

सरांनी चष्मा वर-खाली केला. "तो कच्चा मसुदा होता."

जिन्यात सरांच्या पत्नी, काकू, येऊन उभ्या होत्या. त्या धापा टाकत म्हणाल्या, "अहो, सांगून टाका ना एकदा! तुझ्या अनामतीचे पैसे बँकेतल्या मुदत ठेवीत अडकलेत गं. पुढच्या महिन्यात मुदत संपते. आधी मोडली तर व्याज बुडतं."

सरांचा चेहरा पडला.

"मग तसं बोलायचं होतं ना," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मी काहीतरी जमवलं असतं. तीन-तीनदा पत्र कशाला लिहून घेतलंत माझ्याकडून?"

खालून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सरांनी किल्ल्या घेतल्या आणि तिनं भिंतीला टेकवून धरलेल्या कागदावर 'ताबा मिळाला' लिहून सही केली. मग तिच्याकडे न बघताच ते जिना उतरले.

अनामत यायला सव्वीस दिवस लागले. तेवढे दिवस ती नव्या इस्पितळातल्या एका नर्सच्या घरी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून झोपली. सामान खोक्यांतच राहिलं. सकाळी आंघोळीला नंबर लावायचा, आणि दिवसभर रुग्णांना पाठ सरळ ठेवा म्हणून सांगायचं. पैसे आले ते भिंतीच्या रंगाचा खर्च कापून. ओल तिच्याही वरच्या मजल्यावरच्या गळक्या पाइपची होती आणि ती राहायला आली तेव्हापासूनची होती. तेव्हा काढलेले फोटो जोडून तिनं दोन मेल पाठवले. उत्तर आलं नाही.

"वकिलाची नोटीस पाठव," दादा फोनवर म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "पण त्याची फी यापेक्षा जास्त होईल. सोड आता."

तिनं सोडलं. म्हणजे मेल पाठवणं सोडलं. सकाळी कामावर चालत जाताना मात्र तिचं सरांशी भांडण चालूच असे. त्या भांडणात तिचा आवाज चिरकत नसे, आणि सरांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागे.