डावा खांदा अर्धा इंच खाली

उज्वला, माझी बायको, गेल्यावर जेलरोडचा तिचा शिवणक्लास मी चालवतो. मी जन्मभर शर्ट-पँट शिवले. त्यामुळे मुली एकमेकींची मापं घेतात तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभा राहतो. त्या आकडे सांगतात, मी लिहितो.

त्या दिवशी मनालीची ब्लाउजची परीक्षा होती. द्वारका चौकातल्या एका बुटिकवाल्या बाई तिला कामाला घेणार होत्या, पण तपासणीच्या कागदावर पाचही खुणा हव्यात ही अट: मापं, कागदी कटिंग, कापडावर आखणी, शिलाईसाठी सोडायची माया, फिटिंग. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

"टेप ओढू नको," मी म्हणालो. "छातीला आत दोन बोटं जाऊ दे."

"माहितीये सर. ए वेदे, हसू नको, माप चुकतं."

माप द्यायला उभी असलेली वेदिका तिच्याहून लहान. ती खिदळली, मग ताठ उभी राहिली.

"उंची चौदा. छाती चौतीस. कंबर तीस. शोल्डर चौदा." मी लिहीत गेलो. मनालीचा आवाज हळू झाला. "श्वास सोडा. हात जरा वर घ्या." मग म्हणाली, "सर, डावा खांदा अर्धा इंच खाली."

खडू थांबला. उज्वलाचा खांदा तसा होता. तिचे ब्लाउज ती स्वतः शिवायची, त्यामुळे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

मी वळलो. समोर वेदिकाच उभी होती. खांदे सरळ.

"नक्की?"

"दोनदा घेतलं सर."

परत घे म्हणायला हवं होतं. चुकीच्या मापावर कापलं तर पोरीची नोकरी जाणार. पण मी म्हणालो, "काप."

कागद कापून तिने कापडाची घडी घातली. छातीचा चौथा भाग साडेआठ, सैलीला अर्धा, मायेला एक. घडीवर दोन्ही खांदे सारखेच निघतात. तिने घडी उघडली आणि फक्त डावा खांदा उतरवला. हे मी शिकवलं नव्हतं.

"कोणी सांगितलं?"

"मागून कोणीतरी म्हणालं, घडी उघड. मला वाटलं वेदिका."

वेदिकाने नकारार्थी मान हलवली.

कच्चे टाके घालून मनाली ब्लाउज घेऊन पडद्यामागे गेली. थोड्या वेळाने आतून म्हणाली, "बसला सर."

"डावा खांदा?"

"एक सुरकुती नाही."

मी पेन उचललं. तेवढ्यात वेदिका पाण्याची बाटली भरून बाहेरून आत आली.

"सर, फिटिंगला मला कधी बोलावताय?"

पडद्यामागे मनाली म्हणत होती, "जरा वळा, पाठ बघते."

वेदिका पडद्याकडे निघाली. मी हात आडवा धरला. पाचवी खूण केली, खाली सही केली.

"मनाली, तू बाहेर ये," मी म्हणालो. "ब्लाउज काढून घेऊ नको. राहू दे त्यांच्या अंगावर."