तिघींचं एक खातं

मंगळवारी सकाळी ड्रायव्हरकाका गाडीत सिलिंडर चढवता चढवता म्हणाले, "शिवणबाई गेल्या वाटतं. बरी होती बाई." आणि पुढचा सिलिंडर उचलला.

मी ऑफिसच्या खिडकीत उभी होते, हातात चहा. शिवणबाई म्हणजे आमच्या ग्राहक. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. फुप्फुसं निकामी होत आलेली, म्हणून दिवसरात्र नाकात नळी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडून ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडर त्यांच्याकडे जायचा. मी विचारलं, कोणी सांगितलं गेल्या म्हणून? काका म्हणाले, कोण सांगणार, शुक्रवारच्या यादीत नाव नव्हतं, आजही नाही.

आमच्या धंद्यात हे असंच चालतं. घरपोच ऑक्सिजन घेणारा माणूस काही दुकान बदलत नाही. यादीतून नाव गेलं की माणूस गेला असं धरायचं, आणि विचारायचं नाही. काका तेवीस वर्षं विचारत नाहीत. त्यात त्यांची काय चूक?

पण मृत्यूची नोंद माझ्याच टेबलावरून होते, आणि शिवणबाईंची मी केली नव्हती.

मी संगणकाशी गेले, आडनाव टाकलं. त्या आडनावाचं एकच खातं समोर आलं. पहिल्या नावात शिवणबाईंपेक्षा एका मात्रेचा फरक. पत्ता भलत्याच रस्त्यावरचा, फोन भलताच. आणि खाली लाल अक्षरांत, 'बंद. ग्राहक मृत.' ही दुसरी बाई. गेल्या बुधवारी तिचा मुलगा रडत रडत फोनवर सांगत होता आणि मी स्वतः नोंद केली होती. मग आमच्या शिवणबाई कुठे? सहा हजार चारशे खात्यांत त्या नव्हत्याच. जणू कधी ग्राहक झाल्याच नव्हत्या.

तेव्हा मला शनिवारचा फोन आठवला.

शनिवारी दुपारी एका बाईचा फोन आला होता. धापा टाकत तिने आडनाव सांगितलं, "सिलिंडर… कोणी आलंच नाही," म्हणाली. मी आडनाव टाकलं, लाल अक्षरं पाहिली, आणि ठरवून टाकलं की ही मेलेल्या बाईची कोणीतरी नातेवाईक आहे, रिकामा सिलिंडर न्यायला माणूस आला नाही म्हणून फोन करतेय. मी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई गेल्याचं कळलं, फार वाईट झालं. सिलिंडर न्यायला माणूस येईल, तुम्ही घाई करू नका." पलीकडून "नाही… मी…" एवढंच आलं आणि मग खोकला. मला वाटलं, रडतेय. दुसरी लाइन वाजत होती. मी फोन ठेवला.

एकोणीस वर्षं या खुर्चीत बसते मी. सासूबाई मला तोंडाळ म्हणतात, आणि खरंच आहे ते. पण ऐकायला तोंड उपयोगी पडत नाही ना.

मी काकांना ओरडून थांबवलं, दोन जास्तीचे भरलेले सिलिंडर चढवायला सांगितले, आणि आमच्या प्रोग्रामरच्या खोलीत घुसले. त्याला आम्ही 'दशांश' म्हणतो, कारण तो साधं 'बहुतेक' म्हणत नाही, ब्याण्णव पूर्णांक चार म्हणतो. हुशार माणूस, मनाने चांगला. आमच्या दोन शाखांच्या याद्या एकत्र झाल्यावर एकेका ग्राहकाची दोन-दोन, तीन-तीन खाती झाली होती. कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे आडनाव आधी. एकाच घरी दोन गाड्या जायच्या. ते निस्तरायचं काम त्याच्याकडे होतं. एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी लागतात, उच्चार किती जुळतो, फोन, पत्ता, जन्मतारीख किती जुळते, या सगळ्यावरून त्याचा प्रोग्राम प्रत्येक जोडीला शंभरपैकी गुण द्यायचा. पंच्याण्णवच्या वर असेल तर आपोआप एक. ऐंशीच्या खाली असेल तर सोडून द्यायचं. मधल्या जोड्या माणसाने बघायच्या. ते माणूस म्हणजे मी.

तीन दिवस मी 'एकच' आणि 'वेगळे' अशी बटणं दाबली. पहिल्या दिवशी डोळ्यांत तेल घालून. तिसऱ्या दिवशी, खरं सांगते, वाटाणे सोलावेत तशी. गुरुवारी संध्याकाळी त्याने सगळं एकत्र केलं.

"शिवणबाईंचं काय केलंस?" मी विचारलं. आवाज चढला होता, चढू दे.

त्याने जुनं काढलं. त्याची एक गोष्ट चांगली, तो काही पुसत नाही. एकत्र करायच्या आधीची सगळी खाती त्याने जशीच्या तशी ठेवली होती, आणि कोणतं खातं कोणात गेलं त्याचीही नोंद होती. पडद्यावर तीन ओळी आल्या. पहिली शिवणबाईंची, पूर्ण. तिसरी त्या वारलेल्या बाईंची, पूर्ण. आणि मधली अर्धवट. नावाचं फक्त पहिलं अक्षर, आडनाव, गावाचा विभाग, बस्स. फोन नाही, घर नंबर नाही, जन्मतारीख नाही.

"जी माहिती कोरी, ती मी हिशोबात धरतच नाही," दशांश म्हणाला. बोलता बोलता त्याचा चेहरा पांढरा पडत चालला. "त्यामुळे जेवढं आहे तेवढं जुळलं. मधली पहिलीशी त्र्याण्णव, मधली तिसरीशीही त्र्याण्णव. पहिली आणि तिसरी थेट एकाहत्तरच आहेत, म्हणून ती जोडी तुमच्यासमोर आलीच नाही. पण ही हिच्यासारखी, ती हिच्यासारखी, म्हणून प्रोग्रामने साखळी केली. तिघी एक."

"आणि जिवंत बाई मेली कशी?"

"दोन नोंदींत भांडण असेल तर नवी धरायची, असा नियम केला होता. सगळ्यात नवी नोंद मृत्यूची होती. पत्ता, फोन, सगळं त्याच खात्याचं."

ती मधली ओळ मी ओळखली. दोन वर्षांपूर्वी शिवणबाईंच्या शेजारणीने घाबरून फोन केला होता, तेव्हा शोधायचा कंटाळा करून मीच नवं खातं उघडलं होतं. नंतर भरू म्हटलं. नंतर कुठलं आलंय! आणि त्या दोन्ही जोड्यांवर 'एकच' मीच दाबलं होतं, एक जेवणाआधी, एक जेवणानंतर. दोन्ही वेळा समोर दिसत होतं त्यावरून बरोबरच वाटलं होतं. तरीही हात माझाच ना.

शिवणबाईंचा खरा नंबर त्या जुन्या ओळीत होता. मी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कोणी उचलला नाही.

गाडीत मी काकांच्या शेजारी बसून बोटांवर हिशोब करत होते. मिनिटाला एक लिटर, तर एक सिलिंडर साडेचार दिवस. गेल्या मंगळवारचा शनिवारी रात्री संपला असणार. आधीचा थोडा उरला असेल तर रविवार, फार तर सोमवार. आज मंगळवार. मी पुन्हा मोजलं, उत्तर तेच. काका एरवी रस्ताभर टोमणे मारतात. आज एकदाच म्हणाले की शुक्रवारी मी त्यांच्या गल्लीवरूनच गेलो, वर पाहिलंसुद्धा नाही. मी शिवणबाईंचा नंबर पुन्हा लावला.

तिसऱ्या मजल्यावर दार वाजवलं. आत काही नाही. मी मुठीने वाजवलं, हाका मारल्या. काका खांद्यावर सिलिंडर घेऊन धापा टाकत मागून आले. शेजारीण किल्ली घेऊन बाहेर आली, म्हणाली, सकाळी आवाज दिला तेव्हा ओ आली होती.

शिवणबाई पलंगावर बसल्या होत्या, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ निळसर. नळी नाकात होती, पण प्रवाह त्यांनी अर्ध्याच्याही खाली आणून ठेवला होता, पुरवून पुरवून घ्यायला. सिलिंडरचा काटा शून्यावर. काकांनी इतक्या झटपट सिलिंडर बदललेला मी आजवर पाहिला नाही. मी शिवणबाईंची पाठ धरून शेजारी बसले. त्यांची बरगडी न् बरगडी माझ्या हाताला लागत होती. शेजारणीला डॉक्टरांना फोन करायला लावला. दहा मिनिटांनी ओठांचा रंग थोडा बदलला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरून बसलेय. मी रडले. लाज नाही वाटली.

मी त्यांना सगळं सांगितलं, शनिवारी फोन मीच ठेवला हेही. पुन्हा फोन का नाही केलात, असं विचारायची हिंमत नव्हती, पण त्यांनीच सांगितलं, थांबत थांबत.

"बोललं की… जास्त लागतो. एकदा बोलून… काही झालं नाही. मग म्हटलं… आहे तेवढा जपू."

तेवढ्यात दशांशचा फोन आला. तिघींची खाती त्याने पुन्हा वेगळी केली होती. यापुढे साखळीतला प्रत्येक जण प्रत्येकाशी जुळल्याशिवाय एकत्र करणार नाही, कोरी जागा दिसली की थांबणार, आणि चालू खातं बंद खात्यात कधीच आपोआप घालणार नाही, म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे, पण याच्यासाठी फोन केला नसशील तू.

"ताई," तो म्हणाला, "असे आणखी तीन आहेत."

मी फोन स्पीकरवर टाकला. त्याने पहिलं नाव वाचलं. काका म्हणाले, ते म्हातारे गेले ना? दुसरं वाचलं. काका भिंतीला टेकले. तिसऱ्या नावाला ते हळूच म्हणाले, "थंडी जास्त पडली, म्हटलं या आठवड्यात बरेच गेले."

तिघंही शुक्रवारच्या यादीतून गेलेले. गाडीत यादीबाहेरचा भरलेला सिलिंडर आता एकच उरला होता. दशांश दुसरी गाडी काढतोय म्हणाला आणि जुने नंबर सांगू लागला. मी ते हातावरच लिहिले. शेजारीण शिवणबाईंपाशी बसली, काका खाली गाडी वळवायला धावले, मी जिन्यातच पहिला नंबर लावला.

बराच वेळ वाजला. मग कोणीतरी उचलला. खाते क्रमांक काय, हे माझं रोजचं वाक्य ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

"कोण बोलतंय?" मी विचारलं. "सावकाश सांगा. मी थांबलेय."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी फोन कानाला घट्ट धरून जिना उतरत राहिले.