टाळूला न लागणारी जीभ

लग्न आठ दिवसांवर आलं, तरी दाताच्या डॉक्टरची जीभ काही वळेना. होणारी बायको मल्याळी. तिला 'एन्टे अऴके', म्हणजे 'माझे सुंदरी', म्हणून हाक मारायचा त्याचा बेत होता. मधलं अक्षर आपल्या 'ळ'चंच भावंड, पण त्यात जीभ मागे वळवायची आणि टाळूला मात्र लागू द्यायची नाही. याची जीभ सवयीने जाऊन धडकायचीच! दिवसभर लोकांची तोंडं उघडणारा माणूस स्वतःच्या जिभेपुढे हात टेकून बसला.

दुपारी दवाखाना रिकामा झाला आणि त्याला युक्ती सुचली. पेशंटचा जबडा उघडा राहावा म्हणून वापरायचा रबरी ठोकळा त्याने स्वतःच्याच दाढांत सारला. टाळू लांब गेली, जीभ हवेतच राहिली.

"एन्टे अऴके!" अगदी लोण्यासारखं!

"पुन्हा म्हण," दारातून ती म्हणाली.

त्याने म्हटलं. लाळ थेट कॉलरवर.

ती हसून हसून भिंतीला टेकली. "लग्नात माझ्या आईसमोरही ठोकळा घालूनच बोलणार?"

त्याने जोरात मान डोलावली.

"बरं," ती डोळे पुसत म्हणाली, "मग फडका मी धरते."