थोरल्यानं दिलेली मुदत

दवाखान्याची कपाटं सोमवारी बसवायचा शब्द थोरल्या सुतारानं दिला होता. गिऱ्हाइकांशी बोलायचा तोच. धाकटा भला आणि त्याचा रंधा भला. आज मात्र धाकट्यानंच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बाई, काम लांबतंय. सोमवारी बिनदारांचे सांगाडे बसवतो, नाहीतर दोन आठवडे द्या, सगळं एकदम देतो."

"पण अडलंय कुठं? तुम्ही राहू द्या, दादांनाच फोन द्या बघू."

"दादा परवा गेला, बाई. छातीत कळ आली." हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.

बाई हळूच म्हणाल्या, "सांगाडे बसवा. दारं जमतील तशी करा."

दादानं आखून ठेवलेल्या रेघेवर त्यानं करवत टेकवली, पण हात काही चालेना.