मधला चौकोन

राधाकिसननं बहिणीची भीती घालवली, आणि तिथंच घात झाला.

१९३७ साल. हैदराबादहून बी.एस्सी. होऊन तो शहागडला घरी आला, तेव्हा थोरली विधवा बहीण आसराबाई पोटातल्या गाठीनं खंगत चालली होती. दुखण्यापेक्षा तिला मरणाची धास्ती जास्त. "मेल्यावर अंधारात एकटीच पडून ऱ्हाते का रे मी?" असं सारखं विचारायची.

कॉलेजात वाचलेला एका जुन्या ग्रीक माणसाचा युक्तिवाद त्यानं तिला समजावला. "अक्का, वाईट ते, जे जाणवतं. तू आहेस तोवर मरण नाही, मरण आलं की तू नाहीस. मग अंधारात पडणार कोण? जन्माआधी इतकी वर्षं नव्हतीस, तेव्हा काय दुखलं?"

त्या दिवसापासून आसराबाईची धास्ती गेली. ती गोधडी शिवायला लागली. चारी कडांनी टाके घालत आत आत सरकायची.

पण जालन्याच्या दवाखान्यात चल म्हटलं, की सुई न थांबवता म्हणायची, "कशाला पोट फाडून घिऊ? मरण म्हंजे काहीच न्हाई. तूच म्हनला ना, मास्तर."

महिनाभर तो आपल्याच वाक्यांशी भांडत राहिला. मग एका दुपारी तिच्यासमोर येऊन बसला.

"तुला शाळेत घातलं नाही. त्याचं कधी काही दुखतं?"

"बिलकुल न्हाई."

"तरी नुकसान झालंच ना?"

"झालं की. पर तवा मी व्हते. मेल्यावर उणं कोनाला?"

तिचं बरोबर होतं. मग त्याची नजर गोधडीवर, मधल्या अजून न शिवलेल्या चौकोनावर गेली.

"मेलेल्या अक्काचं सोड," तो सावकाश म्हणाला. "दोन आयुष्यं शेजारी ठेव. एक या पौषात संपणारं, एक साठीपर्यंत जाणारं. दोन्ही तुझीच, आत्ता इथं बसलेलीची. पहिल्यात त्रास नसेल, पण दुसऱ्यातलं काहीच नाही. जाणवो न जाणवो, जातं ते तुझंच."

"मंग जन्माआधीचं बी गेलंच की."

"शंभर वर्षं आधी जन्मली असती ती दुसरीच कुणी. पुढचे दिवस मात्र तुझे आहेत."

तिनं सुई कापडात खोचली. "मंग गाडी जुंप. हे आधीच सांगायचं न्हाई का, येड्या?"

जालन्याच्या डॉक्टरनं पोट तपासलं आणि एवढंच विचारलं, "महिन्यापूर्वी का नाही आणलं?" आठव्या दिवशी ती गेली. शेवटपर्यंत घाबरली नाही.

घरी आल्यावर राधाकिसननं गोधडी पसरली. मधे बिनटाक्याचा चौकोन होता, फुगलेला, त्यात अजून सुई तशीच खोचलेली. त्यानं मापला. एक हात, चार बोटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मापला. तिला आता काही जाणवत नाही, हे खरंच होतं, तो ते रोज स्वतःला बजावायचा. आणि रोज दुपारी, सुईच्या बाजूनं, तिचा आवाज यायचा.

"उणं कोनाला?"

तो चौकोनावर हात ठेवायचा. "तुला, अक्का. इथं शिवत बसली होतीस, त्या तुला."