हप्ता की मुदत

मितेश तांडेल आईला घेऊन आमच्या बँकेत आला, तेव्हा माझ्या निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. बोईसरच्या या सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर मी एकवीस वर्षं काढली. हप्त्यांचे हिशेब मला तोंडपाठ, आणि त्याची घमेंडही होती, ती लपवत नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला मितेशचा रंगांचा कारखाना बंद पडला होता. हिशेबाचे सात लाख हातात आले होते. दोन लाख घरखर्चाला ठेवून पाच लाख घराच्या कर्जात भरायचे, असं ठरवून तो आला होता. सोबत त्याची आई, नलूमावशी. मूळची चिंचणीची, बोईसरच्या बाजारात मासळी विकते. वय एकाहत्तर.

"मॅडम, आधी एवढं सांगा," मितेश म्हणाला. "आजपर्यंत नि शेवटपर्यंत धरून, मी व्याज किती देणार हाय?"

सोपा प्रश्न होता. सगळे हप्ते मिळवायचे, मधे एकरकमी भरलेलं मिळवायचं आणि त्यातून मुद्दल वजा करायचं. जे उरतं ते व्याज. मी फाईल मागवली.

कर्ज वीस लाखांचं, नऊ टक्के ठरलेला दर, वीस वर्षं. पहिले बारा हप्ते १७,९९५ रुपयांचे. मग तीन लाख एकरकमी. त्यानंतर हप्ता १५,२४४ झालेला, असे २२८. सगळ्याची बेरीज एकोणचाळीस लाख एक्याण्णव हजार पाचशे. मुद्दल वजा जाता व्याज एकोणीस लाख एक्याण्णव हजारांच्या वर.

"म्हंजे एका घराच्या पैशात दोन घरं झाली," नलूमावशी म्हणाली. "एक आमचं, एक तुमचं."

मी हसले आणि पान उलटलं. तिथे माझं हसू थांबलं.

तीन लाख भरतानाचा अर्ज समोर होता. त्यात दोन चौकोन असतात. 'हप्ता कमी करावा' आणि 'मुदत कमी करावी'. खूण पहिल्या चौकोनात होती, निळ्या शाईची. खाली मितेशची सही काळ्या शाईने. निळं पेन माझं. त्या टेबलावर दुसऱ्या कुणाचं निळं पेन कधी चाललं नाही, मीच चालू दिलं नाही.

तो दिवस मला आठवला. ते तीन लाख नलूमावशीचे होते. नवरा गेल्यावर होडीतला वाटा विकून आलेले. ती याच खुर्चीवर बसून म्हणाली होती, "ताई, आमचं घर लवकर मोकळं करा. मंग मी बाजारात बसाची नाय." मितेशला दुपारपाळी गाठायची होती. कोऱ्या अर्जावर सही करून तो पळाला. त्याची मुलगी दीपिका तेव्हा चार महिन्यांची होती. मी मनात म्हटलं, एवढ्या पगारात अठरा हजारांचा हप्ता या लोकांना कसा झेपणार? पावणेतीन हजार वाचले तर पोरीच्या दुधाला होतील. आणि मी पहिल्या चौकोनात खूण केली. वर त्याला फोन करून हप्ता कमी झाल्याची बातमी दिली. त्याने आभार मानले. दुसऱ्या दिवशी नलूमावशी पापलेट घेऊन आली होती. मी घेतलं, आणि चवीने खाल्लं.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण अठरा दिवसांनी घरी बसून हे एकटीने चघळण्यापेक्षा आत्ताच ओकलेलं बरं, असं वाटलं. मी कागद पुढे ओढला.

"मितेश, तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली असती, तर उरलेले २२८ हप्ते १५८ वर आले असते. व्याज साडेतेरा लाखांच्या थोडं वर गेलं असतं. आता जातंय त्यापेक्षा सहा लाख बत्तीस हजारांनी कमी."

"नि कर्ज कवा संपलं असतं?" त्याने विचारलं.

"पहिले बारा आणि हे एकशे अठ्ठावन्न. एकशे सत्तर. तुझा एकशे सत्तरावा हप्ता याच महिन्यात गेला. दोन-तीनशे रुपयांची बाकी उरली असती, बस."

"नि आता किती हाय?"

"आठ लाख अठ्ठावीस हजार. सत्तर हप्ते."

मी त्याला अर्ज दाखवला आणि खूण माझी आहे, हे सांगितलं.

"पण दर महिना पावणेतीन हजार वाचले ना," तो म्हणाला. मलाच सावरायला बघत होता, तेच फार लागलं. "घरातच गेले ते."

वाचले हे खरं. एकशे अठ्ठावन्न महिन्यांचे चार लाख पस्तीस हजार होतात. पण ते सुट्टे आले आणि सुट्टेच गेले. ते वाचले हे त्या घरात कुणाला कधी दिसलंसुद्धा नसेल.

मग आजचा अर्ज काढला. पुन्हा तेच दोन चौकोन. या वेळी मी पेन बाजूला ठेवलं. पाच लाख भरल्यावर बाकी तीन लाख अठ्ठावीस हजार. हप्ता आहे तोच ठेवला तर चोवीस हप्त्यांत सुटका, शेवटचा तर अर्धाच. हप्ता कमी केला तर महिन्याला ६,०३७, पण सत्तरच्या सत्तर हप्ते, आणि व्याज चौसष्ट हजारांनी जास्त.

"मुदतच कमी करा," मितेश लगेच म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं. कंत्राटदाराकडे चौदा हजारांचं काम मिळत होतं, तेही पुढच्या महिन्यापासून. पंधरा हजारांचा हप्ता तो कुठून भरणार होता? शहाणपण आलं होतं, पण पगार गेला होता. त्याने अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि पहिल्या चौकोनात स्वतःच्या हाताने खूण केली. या वेळी तेच बरोबर होतं, आणि ते मला बघवत नव्हतं.

"सत्तर म्हंजे पाच वर्सं दहा महिनं," नलूमावशी बोटांवर मोजत म्हणाली. "तवर माझी सत्त्याहत्तरी." हप्त्यात दरमहा तिचे पाच हजार असत. मितेशने मान खाली घातली.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं. "मला तुमच्या भल्याचंच वाटलं होतं."

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "ताई, तुमचं घर बी कर्जानंच बांधलं ना?"

"हो."

"फिटलं?"

"सहा वर्षं झाली."

"मधे पैसं भरलं व्हतं?"

"दोनदा."

"मंग तवा तुमी कुठं खूण केली?"

मला खोटं बोलता आलं असतं. "दुसऱ्या चौकोनात," मी म्हणाले.

ती उठली, पदर खोचला आणि मितेशच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उठवलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आमाला बी झेपलं असतं," ती म्हणाली. "इचाराचं तरी व्हतं."